चारशे वेळा वाजूनही डोक्यात न जाणारी रिंगटोन: माझ्या नोंदी

४ मार्च

आज सुरुवात. फोनमधली आधीपासूनची ट्यून गेली तीन वर्षं ऐकतोय आणि आता ती दुसऱ्या कुणाच्या फोनवर वाजली तरी माझा खांदा आखडतो, म्हणून स्वतःचीच एक बनवायची ठरवलंय. गाणं कापून लावायचं नाही, ते आधी करून झालंय, आवडतं गाणं दोन महिन्यांत नावडतं होतं एवढाच त्याचा उपयोग. नवी, छोटी, शब्द नसलेली धून पाहिजे.

अट एकच, चारशे वेळा ऐकल्यावरही ती बंद करायला हात धावला नाही पाहिजे. चारशे का, तर दिवसाला वीसेक कॉल येतात माझ्याकडे, म्हणजे वीस दिवसांचा हिशोब. वर्षभराचं नंतर बघू.

मोजायची पद्धत अगदी साधी ठेवलीय. वहीत रोज रात्री एक ते पाच मार्क. पाच म्हणजे मजा येते, तीन म्हणजे वाजली तर वाजली, एक म्हणजे फोन फेकावासा वाटतो.

६ मार्च

पहिला प्रयत्न, व्ही१. जुन्या साध्या फोनांच्या काळातली आरटीटीटीएल नावाची लिपी आहे, त्यात ट्यून एका ओळीत टाइप करता येते, कच्च्या कामाला मला तीच बरी पडते. d म्हणजे नेहमीची सुराची लांबी, o म्हणजे सप्तक, b म्हणजे लय, p म्हणजे गॅप.

```
v1:d=8,o=5,b=140:d,f#,a,d6,c#6,a,b,c#6,2d6
```

सा पकडलाय डी वर, ५८७ हर्ट्झला. मग ही झाली सा ग प सां, नी प, ध नी सां. पायऱ्या चढून जिन्यावर पोचल्यासारखी. आवाज सॉ टूथ लहरीचा ठेवला, झगझगीत. लांबी जेमतेम अडीच सेकंद. पहिल्यांदा वाजवल्यावर मीच हसलो एवढी छान वाटली, ताईला ऐकवली तर म्हणाली "वा, ही मला पण पाठव". मार्क ४, पाच दिले नाहीत ते केवळ शिस्त म्हणून.

७ मार्च

फोनवर लावली तर दर फेरीच्या शेवटी एक उचकी येतेय. ठेका चुकतो, बारीकच पण एकदा ऐकू आलं की मग तेवढंच ऐकू येतं.

कारण एमपी थ्री. त्या फॉरमॅटमध्ये आवाज ११५२ सॅम्पलच्या ठोकळ्यांत भरतात, म्हणजे ४४१०० च्या रेटला साधारण २६ मिलिसेकंदांचा एक ठोकळा. तुमची ट्यून ठोकळ्याच्या मधेच संपली तर उरलेल्या जागेत शांतता भरली जाते, शिवाय एन्कोडर सुरुवातीलाही थोडी रिकामी जागा सोडतो. एकदाच वाजणाऱ्या गाण्यात हे कुणाला कळत पण नाही, लूपमध्ये मात्र दर वेळी खड्डा. ऑग फॉरमॅटमध्ये हा त्रास नाही आणि अँड्रॉइडसाठी फाइलमध्ये एक टॅग टाकला की फोन ती सलग फिरवतो:

```
ffmpeg -i v1.wav -c:a libvorbis -q:a 5 \
  -metadata ANDROID_LOOP=true v1.ogg
```

उचकी गेली. अर्धा दिवस पण गेला.

११ मार्च

व्ही१ चे मार्क: ४, ५, ४, ३, २. पाच दिवसांत खेळ खलास.

सगळ्यात आधी लक्षात आलं ते हे की मी मोजतच चुकीचं होतो. अडीच सेकंदांची ट्यून, मधे गॅप नाही, फोन तीस सेकंद वाजला तर एका कॉलमध्ये ती जवळजवळ बारा वेळा फिरते. म्हणजे "दिवसाला वीस वेळा" हा माझा आकडा भंपक होता, प्रत्यक्षात रोज साठ-सत्तर वेळा कानावर पडत होती. चारशेचा टप्पा पाच-सहा दिवसांतच येत होता आणि बरोब्बर तिथेच जीव नकोसा झाला.

दुसरी गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे. आज दुपारी फोन उचलला तो नेमका "ध नी" वर. पलीकडचा माणूस बोलत होता आणि माझ्या डोक्यात तो नी लोंबकळत होता, कुणीतरी सा लावा रे, असं. कॉल संपल्यावर मी स्वतः गुणगुणून तो सा लावला तेव्हा कुठे सुटलो. आणि मग संध्याकाळपर्यंत अख्खी ट्यून डोक्यात चालू. नी आणि वरचा सा यांच्यात अर्ध्या सुराचंच अंतर, त्यामुळे नी ऐकला की कान सा ची वाट बघायला लागतो, आणि फोन उचलणं म्हणजे तर ट्यून मधेच तोडणंच.

गाणं पूर्ण व्हायला बनवलेलं असतं. रिंगटोन ही अशी एकच धून आहे जी जवळपास कधीच पूर्ण होत नाही, आणि मी ती गाण्यासारखी बांधली होती, शेवटी टाळी मिळेल अशी.

१२ मार्च

कालचं डोक्यातून जात नव्हतं म्हणून गेल्या चार दिवसांत मी किती सेकंदांनी फोन उचलला ते आठवेल तेवढं आणि आज घड्याळ लावून लिहून काढलं. फोन हातात असेल तर दोन-तीन सेकंद, टेबलावर असेल तर पाच-सहा, दुसऱ्या खोलीत असेल तर दहा-बारा, आणि न उचललेले पूर्ण वाजतात ते दिवसाला दोन-तीनच.

म्हणजे ट्यूनच्या सगळ्या सुरांना सारखी मजुरी नाही. पहिले तीन सूर प्रत्येक कॉलला वाजणार, हजार कॉल तर हजार वेळा, वरून फेरी परत सुरू झाली की अजून. पंधराव्या सेकंदाला तुम्ही काय कारागिरी केलीय ती ऐकायला कुणी नसतं. मी मात्र काल रात्रीपर्यंत शेवट घासत बसलो होतो.

तर आता दोन कामं. एक, सुरुवात अशी पाहिजे की जी मुळात फार काही सांगतच नाही. दोन, कुठल्याही सुरावर तोडली तरी लोंबकळू नये.

१४ मार्च

व्ही२ आणि तिचं एका दिवसात निधन.

झगझगीतपणाचा वीट आला होता म्हणून एकदम दुसरं टोक गाठलं, सगळी ट्यून एक सप्तक खाली, शुद्ध साइन वेव्ह, मऊ. हेडफोनवर स्वर्ग. फोनवर लावली तर काहीच नाही, म्हणजे अक्षरशः फोनचं मागचं कव्हर थरथरलं तेवढंच ऐकू आलं.

खालचा सा होता २९४ हर्ट्झला. फोनचा स्पीकर नखाएवढा, पाचशेच्या खाली त्याच्यात जीवच राहत नाही. साइन वेव्हमध्ये मूळ सुराच्या वर काही नसतं, त्यामुळे मूळ सूर गेला की सगळंच गेलं. वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट फ्रीक्वेन्सीचे सूर, असते तर निदान कानाने त्यांच्यावरून खालचा सूर ओळखून घेतला असता, मेंदू ते काम बिनबोभाट करतो, लहान रेडिओवर बास "ऐकू" येतो तो तसाच.

साइनचा दुसरा घोटाळा असा की आवाज कुठून येतोय ते कळत नाही. आवाज वाढवून परत ट्राय केलं तर मी फोन शोधत उजवीकडे गेलो आणि तो डावीकडे उशीखाली. एकाच फ्रीक्वेन्सीचा आवाज भिंतींवरून परतून खोलीभर पसरतो, दिशा पकडायला कानाला जरा मिसळ आवाज लागतो.

नोंद: इथून पुढे हेडफोनवर काहीही ठरवायचं नाही. सगळं फोनच्याच स्पीकरवर, आणि तेही फोन पालथा ठेवून.

१६ मार्च

व्ही३. नी काढला, मग म पण काढला, उरले सा रे ग प ध. भूपाचे सूर. कुठल्याच दोन सुरांत अर्ध्या सुराचं अंतर नाही, त्यामुळे कुठलाच सूर शेजारच्याकडे हात पसरून उभा नाही, जिथे तोडाल तिथे बऱ्यापैकी बसलेलाच असतो. अजून एक फायदा म्हणजे रिकाम्या खोलीत आधीच्या सुराचा प्रतिध्वनी पुढच्यावर चढला तरी भांडण होत नाही.

```
v3:d=8,o=5,b=100:a,b,4d6,p,b,4a,f#,2a,p
```

प ध सां, मग छोटा श्वास, ध प ग प. सात सूर. गॅप धरून ४.२ सेकंद. लय मुद्दाम १४० वरून १०० वर आणली.

सा वर संपवली नाही हे मुद्दाम. सा वर संपली की "झालं" असं वाटतं आणि लगेच परत सुरू झाली की "अरे आता परत?". प वर न्यास ठेवला की थांबल्यासारखं पण वाटतं आणि पुढे चालू राहिली तरी खटकत नाही.

एक गाणारा मित्र आहे त्याला पाठवली, तर त्याचा लगेच मेसेज, "भूप कसला, वरच ध प ध प करतोयस, हा देशकार झाला". बरोबर आहे त्याचं, सूर तेच पण जोर वरच्या अर्ध्यावर. रिंगटोनला राग असावा की नाही यावर त्याने अजून पाच मेसेज टाकले, ते इथे लिहीत नाही.

मार्क ३. ताई म्हणाली "ठीक आहे". मला हे उत्तर जरा लागलं पण लिहून ठेवतो.

१७ मार्च

खऱ्या कॉलवर अवलंबून राहिलो तर महिने जातील, म्हणून जुना फोन काढून त्यात टर्मक्स हे कमांड चालवायचं अ‍ॅप टाकलं आणि एक छोटी स्क्रिप्ट लावली. पाच ते वीस मिनिटांत कधीही वाजते आणि दोन ते दहा सेकंदांत कधीही तुटते, कारण तोडण्याचीच तर टेस्ट आहे.

```
termux-wake-lock
while true; do
  sleep $((RANDOM % 900 + 300))
  date >> count.txt
  termux-media-player play v3.ogg
  sleep $((RANDOM % 9 + 2))
  termux-media-player stop
done
```

फाइलमध्ये तीन फेऱ्या एकामागोमाग टाकून ठेवल्यात म्हणजे दहा सेकंदांपर्यंत संपत नाही. सरासरी साडेबारा मिनिटांनी एकदा, दहा तास चालू ठेवली तर दिवसाला पन्नासच्या आसपास.

पहिली ओळ आत्ता दिसतेय, सकाळी नव्हती. सकाळी लावून गेलो आणि संध्याकाळी काउंट बघितला तर सहा. स्क्रीन बंद झाली की फोनच झोपून जात होता आणि स्क्रिप्ट त्याच्याबरोबर. आणि मी दिवसभर खूश, की बघा कसा त्रास होत नाहीये.

२३ मार्च

काउंट २८०. मार्क ३, ३, ३, ३, ३, ३. कंटाळवाणा आलेख आहे आणि मला तो फार आवडलाय.

बर्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ च्या पुस्तकात मांडलेलं एक चित्र आहे, उलट्या यू सारखं. एखादी गोष्ट फार साधी असली की रस वाटत नाही, थोडी गुंतागुंत वाढली की आवडते, अजून वाढली की परत नकोशी. ऐकून ऐकून ओळखीची झाली की तीच गोष्ट कानाला हळूहळू साधी होत जाते, आणि आपण त्या टेकडीवर सरकत राहतो. व्ही१ पहिल्याच दिवशी टेकाडाच्या टोकावर होती, तिला पुढे फक्त उतारच होता. त्यामुळे आता कुणी पहिल्यांदा ऐकून "वा" म्हणालं की मला धसका बसतो.

पण एक तक्रार आहे. सुरांबद्दल काही नाही, ती *सुरू होते* तेव्हा मी दचकतो. दर वेळी. २८० व्या वेळेला पण. बाकी सगळ्याची सवय झाली, दचकण्याची झाली नाही हे मला नवीन होतं.

वेव्हफॉर्म मोठा करून बघितला तर पहिला सूर शून्यातून पूर्ण आवाजाला एक मिलिसेकंदात पोचतोय. घंटेचा आवाज म्हणून घेतला होता, घंटा अशीच वाजते, हातोडी बसली की बसली. पण शांत खोलीत ती ठोकर आहे.

यावर विमानांच्या कॉकपिटमध्ये खूप आधी काम झालंय. रॉय पॅटरसन यांनी १९८२ मध्ये विमानातल्या इशाऱ्यांच्या आवाजांसाठी मार्गदर्शक सूचना लिहिल्या, कारण जुने इशारे एवढे मोठे आणि एकदम सुरू होणारे होते की आधी तो आवाज बंद करणं हेच वैमानिकांचं पहिलं काम व्हायचं. त्यांनी सुचवलं की आवाज वीस-तीस मिलिसेकंदांत चढू द्या. माणसाला ऐकू येतं तेवढ्याच लवकर, पण छातीत धस्स होत नाही.

२५ मार्च

व्ही४. प्रत्येक सुराची चढण २५ मिलिसेकंद केली. ऑडॅसिटीमध्ये सूर सिलेक्ट करून फेड इन, सात वेळा, हाताने. आधी वीस मिलिसेकंद, मग चाळीस, मग पंचवीसवर आलो, चाळीसला सूर बासरीसारखा फुंकर मारून सुरू होतो आणि ठेका मऊ पडतो.

आवाजाचा पोत पण बदलला. घंटा काढली, साइन घेतली आणि तिच्यावर दुसरा आणि तिसरा हार्मोनिक थोडा थोडा चढवला. प आहे ८८० वर, मग त्याचे १७६० आणि २६४०, बस. तीन हजारच्या आसपास कान सगळ्यात तीक्ष्ण असतो, कानाची नळीच तिथे आवाज वाढवते, त्यामुळे तिथे थोडंसं पुरतं आणि जास्त झालं की टोचतं. व्ही१ मधला सॉ टूथ तिथेच धुमाकूळ घालत होता. दुसरं कारण आई, तिला वयामुळे वरचे बारीक आवाज येईनासे झालेत, मायक्रोवेव्हची बीप तिला ऐकू येत नाही आणि ही ट्यून तिला बंद दाराआडून आली. मूळ सूर सगळे १२०० च्या खाली असल्याचा हा फायदा.

२९ मार्च

ताईचा उद्रेक. शब्दशः: "अरे ती सुरांना वाईट नाहीये पण सारखी बोलत असते, मधे श्वास घेऊ दे ना तिला."

आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, की फोन माझा पण शिक्षा तिला. मला निदान कॉल मिळतो, तिला नुसताच आवाज. उचलायचा अधिकार नसलेल्या माणसाला तीच ट्यून दुप्पट लांब वाटते.

शेवटी गॅप होता ०.३ सेकंदांचा, म्हणजे नसल्यासारखाच. जुन्या लँडलाइनचा ट्रिंग ट्रिंग आठवला, ०.४ सेकंद वाजायचं, ०.२ थांबायचं, परत ०.४, आणि मग पूर्ण दोन सेकंद शांतता. ती घंटा काय गोड नव्हती, पण त्या दोन सेकंदांत माणूस "घे रे फोन" असं म्हणू शकायचा, वाक्य पूर्ण करू शकायचा.

```
v4b:d=8,o=5,b=100:a,b,4d6,p,b,4a,f#,2a,1p
```

शेवटचा p पूर्ण चार मात्रांचा केला. आता ३.९ सेकंद धून, २.४ सेकंद शांतता, एक फेरी ६.३ सेकंदांची. तीस सेकंदांत पाच फेऱ्याही पूर्ण होत नाहीत. व्ही१ च्या बारा होत होत्या.

सूर एकही बदललेला नाही, तरी ताई म्हणाली "ही नवीन चांगली आहे". मी काही बोललो नाही.

१ एप्रिल

विचित्र प्रकार. जुन्या फोनवर स्क्रिप्टने वाजणारी व्ही४ब तीनवर ठाम. माझ्या खऱ्या फोनवर तीच फाइल चार दिवसांत दोनवर आली. तेच सूर, तोच आवाज.

दोन रात्री वही चाळल्यावर उलगडा झाला. या चार दिवसांत एका कामाची घाई चालली होती आणि एकच माणूस रात्री दहानंतर फोन करून तेच तेच विचारत होता. ट्यून वाजली की पोटात गोळा येतोय तो ट्यूनचा नाही, त्या माणसाचा आहे. ट्यून नुसती निरोप्या. कुणी कितीही घासून पुसून ट्यून बनवली तरी यावर तिच्याकडे औषध नाही. याच कारणासाठी रिंगटोन कधीही अलार्मला लावू नये, झोपमोडीचा सगळा राग तिच्यावर जमा होतो.

उपाय केला तो सरळ, त्या एका नंबरला व्ही१ लावली. आता ती वाजली की मला निदान कोण आहे ते कळतं, आणि ती तशी पण बिघडलेलीच होती.

मार्क मोजताना इथून पुढे खऱ्या फोनचे आणि जुन्या फोनचे वेगळे लिहायचे.

३ एप्रिल

व्ही५, बहुतेक शेवटची. सूर तेच. आवाजाची पातळी बदलली.

फोन हातात असतो तेव्हा पूर्ण आवाजाची गरज नसते, दुसऱ्या खोलीत असतो तेव्हा असते, आणि फोनला बिचाऱ्याला हे माहीत नसतं. पण १२ मार्चच्या नोंदीवरून मला माहीत आहे, जवळ असलेला फोन मी पहिल्या फेरीतच उचलतो. म्हणजे पहिली फेरी हळू ठेवली तर जवळचे सगळे कॉल हळूच वाजतील, आणि लांबचा फोन दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मोठा होईल. चार फेऱ्या एका फाइलमध्ये टाकल्या, पहिली १२ डेसिबल खाली, दुसरी ६ खाली, पुढच्या दोन पूर्ण. एकूण २५.२ सेकंद. आयफोनवाल्यांच्या चाळीस सेकंदांच्या मर्यादेतही बसते.

तिसऱ्या फेरीत शेवटून दुसरा ग काढून रे ठेवला, ध प रे प. एवढाच बदल. आधी मोह झाला होता की प्रत्येक फेरी वेगळी करू, कॉलागणिक वेगळी करू, मग कंटाळा कसला? करून बघितलं, स्क्रिप्टमध्ये चार वेगवेगळ्या फाइली आलटून पालटून लावल्या. कंटाळा नाही आला, पण ओळखच पटेना, दोनदा वाटलं शेजारच्या कुणाचा तरी फोन वाजतोय. पहिले तीन सूर पक्के पाहिजेत, तेच फोनचं नाव आहे. गंमत करायची तर जिथे क्वचित पोचतो तिथे करा.

७ एप्रिल

चार कॉल हुकले. चारही वेळा फोन त्याच खोलीत होता, पण नळ चालू, किंवा पंखा फुल. १२ डेसिबल खाली म्हणजे पहिली फेरी गेलीच पाण्यात, आणि नंतरची शांतता धरून मोठी फेरी यायला सहा-सात सेकंद लागतात, तोवर समोरचा घाईतला असेल तर ठेवून देतो.

पहिली फेरी आता फक्त ६ डेसिबल खाली, दुसरीपासून पूर्ण. फाइल परत बनवली, परत ऑग केली. एकदा नुसतीच फाइल कॉपी केली आणि टॅग टाकायला विसरलो, तर परत उचकी. मी सुधारणार नाही.

१२ एप्रिल

जुन्या फोनवर व्ही४ब आणि व्ही५ मिळून काउंट ६१२. खऱ्या फोनवर व्ही५ चे मार्क ३, ३, ४, ३, ३. तो चार कुठून आला माहीत नाही, त्या दिवशी चांगला फोन आला असेल. सात एप्रिलनंतर हुकलेले कॉल दोन, दोन्ही वेळा फोन गादीखाली होता, ते ट्यूनच्या खात्यात धरत नाही.

आज संध्याकाळी जुना फोन बघितला तर बंद. चार्जर निघालेला, काउंट फाइलमधली शेवटची वेळ काल दुपारी ३:४०. म्हणजे सव्वा दिवस ती वाजलीच नव्हती आणि घरात कुणाच्याही लक्षात आलं नाही. ताईला विचारलं तर म्हणाली, "म्हणजे काल वाजत नव्हती?"

आता यात खूश व्हायचं की काळजी करायची ते कळेना. एवढी सवय झाली असेल तर खरा कॉल आल्यावर तरी कळेल का? म्हणून आईला आतल्या खोलीतून तीन वेगवेगळ्या वेळी माझा नंबर लावायला सांगितलं, मला न सांगता. पहिला दुसऱ्या सुराला उचलला, दुसरा चौथ्या सुराला. तिसऱ्याला आई विसरली.

जुन्या फोनला चार्जिंगला लावलंय, स्क्रिप्ट नाही लावली.